गुण्याची काडी नेमकी कुठे चिकटवायची? इनर्शिया मॅट्रिक्समधून प्रिन्सिपल अॅक्सिस काढायची पूर्ण रीत

कंपासपेटीतला गुण्या आठवतोय ना, काटकोन त्रिकोणाचा. तसाच एक त्रिकोण जाड पुठ्ठ्यातून कापा, काटकोनाची एक बाजू 24 सेमी आणि दुसरी 12 सेमी. आता त्याच्यावर बांबूची एक सरळ काडी चिकटवायची आणि ती दोन्ही टोकांना बोटांच्या चिमटीत हलकी धरून गरागरा फिरवायची, पण अट अशी की काडी थरथरता कामा नये, बोटांना धक्के बसता कामा नयेत. काडी कुठे चिकटवाल?

पहिलं उत्तर बहुतेक जण बरोबर देतात, गुरुत्वमध्यातून जायला हवी. पण गुरुत्वमध्यातून तर कुठल्याही दिशेने काडी जाऊ शकते. मग कोणी म्हणतं लांब बाजूला समांतर ठेवू, कोणी म्हणतं कर्णाला समांतर, आणि ज्यांना भूमिती आवडते ते म्हणतात लांब टोकाकडून निघणारी मध्यगा. तिन्ही चूक आहेत, आणि किती चूक आहेत ते आपण आकड्यात बघणार आहोत. बरोबर दिशा मिळते ती इनर्शिया मॅट्रिक्सच्या आयगेनव्हेक्टरमधून. इंजिनियरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला हे शिकवतात तेव्हा मॅट्रिक्स आयती दिलेली असते आणि आयगेनव्हॅल्यू काढा एवढंच विचारतात, त्यामुळे खऱ्या वस्तूवर बसून हे करायची वेळ आली की सगळ्या चुका मॅट्रिक्स बनवतानाच होतात. म्हणून मी जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

आधी ही दिशा म्हणजे नक्की काय ते

वस्तू फिरते तेव्हा दोन बाण डोळ्यासमोर आणा. एक बाण फिरण्याचा, म्हणजे ती कुठल्या अक्षाभोवती किती वेगाने फिरतेय, त्याला ω म्हणू. दुसरा बाण अँग्युलर मोमेंटमचा, त्याला L म्हणू. सरळ रेषेतल्या गतीत वेग आणि संवेग नेहमी एकाच दिशेला असतात कारण मध्ये फक्त वस्तुमान हा एक आकडा असतो. फिरण्यात मात्र मध्ये आकडा नसून आख्खी मॅट्रिक्स असते, `L = I ω`, आणि मॅट्रिक्सने गुणलं की बाणाची दिशा बदलू शकते. L जर ω पासून तिरका असेल तर वस्तू फिरताना L पण तिच्याबरोबर अक्षाभोवती घुमत राहतो, आणि L ची दिशा सतत बदलायची म्हणजे टॉर्क द्यावा लागतो. तो टॉर्क कोण देतं? तुमची बोटं. थरथर म्हणजे तेच.

म्हणून आपल्याला अशी दिशा हवी की मॅट्रिक्सने गुणल्यावर बाण लांब-आखूड झाला तरी चालेल पण वळता कामा नये, म्हणजे `I ω = λ ω`. हीच आयगेनव्हेक्टरची व्याख्या आहे, वेगळं काही पाठ करायची गरज नाही, आणि अशा दिशेच्या अक्षालाच प्रिन्सिपल अॅक्सिस म्हणतात. λ हा त्या अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया. आणि मॅट्रिक्स सिमेट्रिक असल्यामुळे अशा तीन एकमेकांना लंब दिशा कुठल्याही वस्तूला मिळतातच, मग ती कितीही वेडीवाकडी असो, दगडाचा तुकडा असला तरी.

मॅट्रिक्स बनवणं: इथे घाई नको

काटकोनाचा कोपरा ओरिजिनला ठेवा, 24 सेमीची बाजू x वर, तिला a म्हणू, 12 सेमीची y वर, तिला b. वस्तुमान m 36 ग्रॅम धरू, कारण भागाकार सोपे जातात (2 मिमी जाडीच्या अॅक्रिलिकचा एवढा तुकडा साधारण 34 ग्रॅम भरतो, म्हणजे आकडा अगदी हवेतला नाही). जाडी सोडून देतोय, तिचा वाटा एका ग्रॅम-चौसेमीपेक्षाही कमी येतो.

मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या जागा सोप्या असतात, `Ixx` म्हणजे प्रत्येक कणाचं वस्तुमान गुणिले x अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग, त्याची बेरीज. बाकीच्या जागी असतं `Ixy = -Σ m x y`. ते उणे चिन्ह नीट बघून ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

त्रिकोणाचा इंटिग्रल करून किंवा टेबलमधून बघून कोपऱ्याभोवतीचे आकडे येतात: `Ixx = m b²/6 = 864`, `Iyy = m a²/6 = 3456`, आणि `Σ m x y = m a b/12 = 864`, म्हणून `Ixy = -864`. सगळं ग्रॅम-चौसेमीमध्ये. पण आपली काडी कोपऱ्यातून जाणार नाहीये, गुरुत्वमध्यातून जाणार आहे, आणि तो आहे (8, 4) वर. म्हणून पॅरलल अॅक्सिस वापरून हलवायचं:

```
Ixx = 864  - 36*4*4 = 288
Iyy = 3456 - 36*8*8 = 1152
Ixy = -864 + 36*8*4 = +288
```

शेवटची ओळ बघा. कोपऱ्यावरून गुरुत्वमध्यावर आल्यावर Ixy नुसता लहान झाला नाही, त्याचं चिन्हच उलटलं. हे का होतं ते मनाला पटायला हवं. कोपऱ्यावरून बघितलं तर आख्खा त्रिकोण उजवीकडे-वर आहे, x आणि y दोन्ही धन. गुरुत्वमध्यावरून बघितलं तर त्रिकोणाची एक शेपटी उजवीकडे-खाली जाते आणि दुसरी डावीकडे-वर, दोन्हीकडे x गुणिले y ऋण, आणि वरच्या उणे चिन्हामुळे Ixy धन.

त्रिकोण सपाट असल्यामुळे पानाला लंब असलेला z अक्ष आपोआप प्रिन्सिपल असतो आणि `Izz = 288 + 1152 = 1440`. उरला 2×2 चा प्रश्न.

अंदाज तपासून बघू

आयगेनव्हेक्टर काढायच्या आधी ते तीन अंदाज मॅट्रिक्समधून काढून बघू, हे मी नवीन मुलांना नेहमी हाताने करायला लावतो कारण त्याने आयगेनव्हेक्टर म्हणजे काय ते डोक्यात पक्कं बसतं.

लांब बाजूला समांतर, म्हणजे ω = (1, 0). L येतो (288, 288). म्हणजे फिरवतोय x भोवती आणि L आहे 45 अंश तिरका! कर्णाला समांतर म्हणजे (2, -1), L येतो (288, -576), ω उणे 26.6 अंशावर आणि L उणे 63.4 वर, हे पण वाईटच. मध्यगा म्हणजे (4, -1), L येतो (864, 0), इथे फरक 14 अंशांचा, तिघांत हा सगळ्यात जवळचा अंदाज पण तरी थरथरणारच.

आता खरी दिशा. सपाट वस्तूसाठी सरळ फॉर्म्युला आहे:

```
tan 2θ = 2*Ixy / (Ixx - Iyy) = 576 / (-864) = -0.667
2θ = -33.69°,  θ = -16.85°
```

म्हणजे लांब बाजूपासून 16.85 अंश खाली, कर्ण आणि मध्यगा यांच्या मधे कुठेतरी. ताळा करायचा असेल तर ω = (1, -0.3028) घ्या, L येतो (200.8, -60.8), आणि -60.8 भागिले 200.8 परत -0.3028. बाण वळला नाही. λ मिळाला 200.8, आणि त्याला लंब असलेल्या दुसऱ्या दिशेचा λ येतो 1239.2. दोघांची बेरीज 1440 यायला हवी, येते.

पुठ्ठ्यावर करून बघणार असाल तर एक सोय आहे, दिशा काढताना वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जातं, त्यामुळे तुमचा पुठ्ठा 36 ग्रॅमचा नसला तरी 16.85 अंश तोच राहतो. फक्त पुठ्ठा एकसारखा जाड हवा. गुरुत्वमध्य पेन्सिलीने मार्क करा, त्यातून लांब बाजूला समांतर एक पुसट रेघ मारा, प्रोट्रॅक्टरने तिथून 16.85 अंश कर्णाच्या दिशेने झुकवा आणि काडी चिकटवा. मग दुसरा तसाच त्रिकोण कापून त्यावर x ला समांतर काडी लावा आणि दोन्ही आळीपाळीने फिरवा. फरक बोटांनाच कळतो.

कॉम्प्युटरवर करताना

हेच नमपायमध्ये, आता पूर्ण 3×3:

```python
import numpy as np
m, a, b = 36.0, 24.0, 12.0
I = m/36 * np.array([[2*b*b, a*b,   0],
                     [a*b,   2*a*a, 0],
                     [0,     0,     2*(a*a + b*b)]])
lam, V = np.linalg.eigh(I)
```

`eigh` वापरा, `eig` नको. `eigh` सिमेट्रिक मॅट्रिक्ससाठीच आहे, आयगेनव्हॅल्यू लहान ते मोठी अशा क्रमाने देतं आणि व्हेक्टर एकमेकांना नीट लंब देतं, `eig` मध्ये क्रमाची हमी नाही आणि दोन व्हॅल्यू सारख्या आल्या तर व्हेक्टर लंब येतीलच असंही नाही. पण `eigh` ची एक गोष्ट माहीत असायला हवी, ते बाय डीफॉल्ट मॅट्रिक्सचा फक्त खालचा त्रिकोणी भाग वाचतं. म्हणजे तुम्ही वर 288 आणि खाली चुकून 228 टाइप केलंत तर ते काही न बोलता 228 धरून उत्तर देईल. म्हणून आधी `np.allclose(I, I.T)` बघून घ्यायची सवय लावा.

दुसरी गोष्ट, व्हेक्टर कॉलममध्ये असतात. पहिली प्रिन्सिपल अॅक्सिस म्हणजे `V[:, 0]`, `V[0]` नाही. यात मी स्वतः एकदा दोन दिवस घालवलेत, ओळी वाचत होतो, आणि त्रास असा की ओळी पण एकमेकांना लंब आणि लांबी 1 च्या असतात, त्यामुळे दिसायला सगळं ठीक दिसतं. तेव्हापासून प्रत्येक व्हेक्टर मॅट्रिक्सने गुणून बघतो, `I @ V[:, 0]` भागिले `V[:, 0]` सगळीकडे तोच आकडा यायला हवा (जिथे घटक शून्य आहे ती जागा सोडून).

व्हेक्टरचं चिन्ह उलटं आलं तर घाबरू नका, (0.957, -0.290) आणि (-0.957, 0.290) ही एकच रेषा आहे. फक्त तिन्ही अक्ष मिळून पुढे रोटेशन मॅट्रिक्स म्हणून वापरणार असाल तर `np.linalg.det(V)` +1 आहे का बघा, -1 आला तर कुठलाही एक कॉलम उणे करा, नाहीतर तुमची वस्तू आरशातली होईल.

सगळ्यात लपून बसणारी चूक

आता त्या उणे चिन्हाकडे येऊ. समजा तुम्ही ते विसरलात आणि Ixy = -288 टाकलंत. आयगेनव्हॅल्यू काय येतील? 200.8 आणि 1239.2. अगदी त्याच! बेरीज तीच, डिटरमिनंट तोच, सगळे ताळे जमतात. बदलते फक्त दिशा, उणे 16.85 ऐवजी अधिक 16.85 अंश, म्हणजे काडी जवळजवळ 34 अंश चुकीच्या जागी.

आणि समजा तुम्ही चिन्ह बरोबर ठेवलंत पण गुरुत्वमध्यावर हलवायचं विसरलात, कोपऱ्याचीच मॅट्रिक्स वापरलीत. 864, 3456, -864. ही बरोबर तिप्पट आहे फक्त Ixy चं चिन्ह उलटं, म्हणजे दिशा परत अधिक 16.85. दोन वेगळ्या चुका, एकच चुकीचं उत्तर. (कोपऱ्याला खिळा ठोकून त्याभोवती फिरवणार असाल तर तीच दिशा बरोबर आहे हे लक्षात ठेवा, प्रिन्सिपल अॅक्सिस नेहमी कुठल्यातरी बिंदूच्या असतात, नुसत्या वस्तूच्या नसतात.)

कॅड सॉफ्टवेअरमधून आकडे उचलताना हा धोका सगळ्यात जास्त, कारण काही प्रोग्राम `Ixy` च्या नावाखाली उणे चिन्हासकट आकडा देतात आणि काही नुसता `Σ m x y` देतात, आणि बिंदू कधी गुरुत्वमध्य असतो कधी मॉडेलचा ओरिजिन. मॅन्युअल वाचण्यापेक्षा भरवशाचा उपाय म्हणजे हाच त्रिकोण त्यात काढायचा आणि Ixy काय येतो बघायचं. गुरुत्वमध्यावर +288 च्या प्रमाणात आला तर उणे चिन्ह आत आहे, ऋण आला तर नाही.

आणि डोळ्याने बघायचा ताळा असा: सगळ्यात लहान λ चा अक्ष वस्तू जिकडे लांबुडकी आहे तिकडे जायला हवा, कारण तिथेच वस्तुमान अक्षाच्या जवळ गोळा झालेलं असतं. आपला त्रिकोण उजवीकडे खाली निमुळता होतो, म्हणून उणे 16.85 पटतं, अधिक 16.85 म्हणजे अक्ष त्रिकोणाच्या शेपटीला सोडून वरच्या मोकळ्या हवेत चाललाय.

सपाटपणा मोडला की

आता जरा खरी केस. 24 सेमीच्या टोकावर पानापासून 3 सेमी उंचीवर 4 ग्रॅमचा क्लेचा गोळा लावा, आगपेटीच्या काडीवर वगैरे (काडीचं वजन सोडून देऊ). त्रिकोणाच्या गुरुत्वमध्यापासून गोळा आहे (16, -4, 3) वर. गोळा लावल्यावर एकूण गुरुत्वमध्यही सरकतो, पण दोन तुकडे जोडायचे असतील तर ते सरकणं आपोआप धरणारी एक छान युक्ती आहे, गोळ्याचं पूर्ण वस्तुमान न घेता 36×4/40 = 3.6 घ्यायचं:

```python
r = np.array([16.0, -4.0, 3.0])
mu = 36*4/40
J = I + mu*(r @ r*np.eye(3) - np.outer(r, r))
lam, V = np.linalg.eigh(J)
```

`J` अशी येते:

```
[[ 378.0   518.4  -172.8]
 [ 518.4  2106.0    43.2]
 [-172.8    43.2  2419.2]]
```

z च्या रांगेत आता शून्य नाहीत, म्हणजे पानाला लंब अक्ष प्रिन्सिपल राहिला नाही. आयगेनव्हॅल्यू येतात 220.0, 2249.5 आणि 2433.7. पहिला अक्ष (0.96, -0.27, 0.08), म्हणजे पानाच्या बाहेर गोळ्याच्या बाजूला साधारण 4.6 अंश उचललेला. तिसरा अक्ष (-0.08, 0.00, 1.00), म्हणजे z पासून 4.8 अंश कललेला.

पाच अंशांनी काय होतंय असं वाटेल. समजा तुम्ही हा तुकडा नव्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या, पानाला बरोबर लंब अशा दांड्यावर बसवला आणि 600 आरपीएमने फिरवला. गुरुत्वमध्य दांड्यावरच आहे, म्हणून दांडा आडवा धरून थांबवून ठेवला तर वस्तू कुठल्याच बाजूला झुकत नाही, स्थिर असताना बॅलन्स परफेक्ट. पण फिरताना बेअरिंगवर टॉर्क येतो `ω² √(Ixz² + Iyz²)`, म्हणजे वर्गमुळात 172.8 आणि 43.2, हे झालं साधारण 178 ग्रॅम-चौसेमी, आणि एकूण टॉर्क 0.07 न्यूटन-मीटर. 10 सेमी लांब दांडीच्या टोकाला 70 ग्रॅम टांगल्यावर जेवढा पीळ बसतो तेवढा, आणि तो दर सेकंदाला दहा वेळा फिरतोय, 40 ग्रॅमच्या वस्तूमधून! टायरच्या दुकानात चाक मशीनवर फिरवून आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही कडांना वेगवेगळी वजनं लावतात ती याचसाठी, एकाच कडेला वजन लावून गुरुत्वमध्य जागेवर येतो पण प्रिन्सिपल अॅक्सिस दांड्यावर येईलच असं नाही.

3×3 मध्ये एक जास्तीचा ताळा मिळतो, कुठल्याही दोन λ ची बेरीज तिसऱ्यापेक्षा कमी येऊ शकत नाही. इथे 220.0 + 2249.5 = 2469.5, तिसरा 2433.7, ठीक. ही अट मोडली तर आकड्यांत कुठेतरी चूक आहेच, खरी वस्तू असं करू शकत नाही. (सपाट त्रिकोणात बेरीज बरोबर 1440 आली होती, सपाट वस्तू अगदी काठावर असते.) आणि Ixy, Iyz, Ixz यातला एकही शून्य नसेल तर सगळ्यांचं चिन्ह चुकल्यावर आयगेनव्हॅल्यूसुद्धा बदलतात, पण कमी बदलतात, त्याच्यावर विसंबू नका.

दोन λ जवळ आले की

शेवटचा मुद्दा, हा मोजमापातून मॅट्रिक्स बनवणाऱ्यांसाठी. कॅरम बोर्ड घ्या, चौरस. त्याच्या पानातल्या दोन्ही λ सारख्या, आणि मग पानातली कुठलीही दिशा प्रिन्सिपल अॅक्सिस असते, कडेला समांतर पण आणि कोपऱ्याकडे जाणारी पण. `eigh` तुम्हाला त्यातली एक जोडी देईल, ती जोडी खास आहे असं समजू नका.

आपल्या क्ले लावलेल्या त्रिकोणात 2249.5 आणि 2433.7 सारख्या नाहीत पण जवळ आहेत, फरक 184 चा. अशा वेळी त्या दोघांना जोडणाऱ्या घटकात 10 ची चूक झाली तर अक्ष साधारण 10/184 रेडियन म्हणजे 3 अंश फिरतात. तीच 10 ची चूक पहिल्या आणि दुसऱ्या अक्षाच्या मधे झाली तर फरक 2029 चा असल्यामुळे अक्ष 0.3 अंशच हलतो. म्हणजे एकाच मॅट्रिक्समधला पहिला अक्ष तुम्ही डोळे झाकून वापरू शकता आणि उरलेले दोन वापरायच्या आधी मोजमाप परत तपासायला हवं. उत्तर देताना अक्षांबरोबर तिन्ही λ पण लिहा, त्याशिवाय वाचणाऱ्याला हे कळायचा मार्ग नाही.